दहा कट्टे ज्वारी आणि दहा जणींचा हिशोब

सोलापूर शहराच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीत दहा जणींचा बचत गट आहे आणि त्याचे लिखाण माझ्याकडे आहे. गटातल्या बहुतेक जणी कडक भाकरी करतात. सुरुवातीला प्रत्येक जण आपापली ज्वारी घ्यायची, आपापल्या चक्कीवर दळायची आणि तयार भाकरी गटाच्या नावाने विकायला आणून द्यायची. विक्रीचे पैसे आले की सगळ्यांत सारखे वाटले जात. या पद्धतीत दोन दोष होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. एका पाकिटातल्या दहा भाकऱ्या तीन रंगांच्या आणि तीन जाडीच्या निघत, म्हणून दुकानदार माल परत करायचे. शिवाय जी पहाटेपासून तव्यासमोर बसायची तिला आणि जी आठवड्यातून एकदा दोन किलोच्या भाकरी आणून द्यायची तिला सारखेच पैसे मिळत. सगळ्यांत चांगला हात असलेल्या शांताक्कांनी एका बैठकीत स्पष्टच सांगितले, "माझ्या ज्वारीचे पैसे तरी वेगळे द्या, नफ्याचे नंतर बघू." त्यांच्या त्या एका वाक्यामुळेच आम्ही ज्वारी एकत्र घ्यायचे आणि प्रत्येकीच्या कामाची वेगळी नोंद ठेवायचे ठरवले. ते कसे केले, ते इथे सविस्तर लिहीत आहे. हिशोब सहज कळावा म्हणून काही आकडे गोल केले आहेत.

पहिला प्रश्न पैशाचा होता. कामाला ३०,००० रुपये हवे होते. गटाच्या खात्यात बचतीची रक्कम होती. परंतु ती सगळ्यांची बचत आहे, तिच्यातून अडीनडीला कर्ज दिले जाते आणि तिचे व्याज गटाला मिळते. ती रक्कम थेट ज्वारीत घातली असती, तर बचत किती आणि धंदा किती हे पुढे कोणालाच सांगता आले नसते. म्हणून बैठकीत ठराव लिहिला की, भाकरीच्या कामासाठी गट स्वतःच्याच बचतीतून १५,००० रुपये कर्ज घेईल आणि कोणत्याही सदस्याप्रमाणे महिना शेकडा एक रुपया व्याज भरेल. उरलेले १५,००० रुपये सदस्यांनी घरून आणले. कोणी ५०० दिले, कोणी ३,००० दिले, दोघींना काहीच देता आले नाही. इथे एक गोष्ट आम्ही आधीच पक्की केली आणि तिचा फार उपयोग झाला. ज्यांनी पैसे घातले त्यांनाही तोच शेकडा एक रुपया मिळेल, नफ्यात जास्तीचा वाटा मिळणार नाही. ३,००० रुपये देणारीला महिन्याला ३० रुपये मिळतील आणि नफा मात्र कामावर ठरेल. नाहीतर ज्यांच्या घरी पैसा आहे त्याच पुढे जातात आणि ज्यांच्या हातात कसब आहे त्या मागे राहतात.

हा ठराव इतिवृत्ताच्या वहीत सगळ्यांच्या सह्यांनिशी आहे. बँकेचे खाते एकच असले, तरी रोकड वही मात्र आम्ही दुसरी उघडली. बचतीची वही आणि भाकरीची वही कधीही एकमेकींत मिसळायच्या नाहीत आणि बचतीतून भाकरीकडे गेलेला रुपया दोन्ही वह्यांत दिसलाच पाहिजे, एका वहीत कर्ज दिले म्हणून आणि दुसरीत कर्ज घेतले म्हणून.

ज्वारी घ्यायची ती मालदांडीच, यावर कोणाचे दुमत नव्हते. आपल्या भागात रब्बीची ज्वारी निघते ती फेब्रुवारी ते मार्चच्या सुमारास, आणि त्यानंतरचे काही आठवडे बाजारात आवक भरपूर असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्या नावावर विकली जाणारी सगळीच ज्वारी तिथली असेल असे धरून चालू नये. खरिपातली संकरित ज्वारी स्वस्त असते आणि ती मालदांडीत मिसळलेली असली, तर नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही. आमच्याकडे पारख करायला शांताक्का आणि सुवर्णाताई अशा दोघी गेल्या. एकटीला पाठवायचे नाही, हेही ठरलेले होते. कारण भाव एकीने ठरवला की नंतर त्याबद्दल कुजबुज होते.

त्यांनी केलेली पारख मी शेजारी उभी राहून पाहिली. वरच्या थरावर विश्वास न ठेवता त्यांनी पोत्याच्या मधून आणि तळातून मूठभर दाणे काढायला लावले. दाणा टपोरा, पांढरट पिवळा आणि मोत्यासारखा चकचकीत आहे का, हे आधी पाहिले. मग दोन-चार दाणे दाताखाली घेतले. नीट वाळलेला दाणा कटकन फुटतो, ओलसर असेल तर दबतो आणि दातांना चिकटतो. नंतर मूठ नाकाजवळ नेऊन कोंदट वास येतो का ते पाहिले आणि तळहातावर पसरून भोक पडलेले व काळे दाणे वेगळे काढले. एका ढिगात भोकाचे दाणे बरेच होते. म्हणजे सोंडे लागलेले होते आणि तो माल जुना होता. भाव क्विंटलमागे ३०० रुपयांनी कमी होता, तरी त्यांनी तो सोडला. याचे कारण भाकरी थापणाऱ्या कोणालाही कळेल. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेलेली असते, पीठ कितीही मळले तरी चिकटपणा येत नाही आणि भाकरी थापताना कडेने चिरत जाते. कडक भाकरी पातळ थापावी लागते, त्यामुळे इथे विरी गेलेले पीठ अजिबात चालत नाही. ठोक घेण्यापूर्वी दोन किलो नमुना घरी आणून, दळून, थापून पाहणे ही त्यावरची खरी कसोटी आहे आणि एवढ्या मोठ्या खरेदीत त्या दोन किलोंचे पैसे वाया जात नाहीत.

नमुना चांगला निघाला, म्हणून पन्नास किलोचे दहा कट्टे घेतले. भाव क्विंटलला ३,८०० रुपये, म्हणजे पाच क्विंटलचे १९,००० रुपये. हमाली आणि तोलाई मिळून २८५ रुपये आणि टेम्पोचे ६०० रुपये झाले. एकूण १९,८८५ रुपये. घरी आणून ज्वारी चाळली, निवडली, खडे-माती आणि फुटके दाणे काढले तेव्हा ४८५ किलो स्वच्छ ज्वारी भरली. गटाने इथे नीट लक्ष दिले पाहिजे, कारण बाजारातला भाव किलोला ३८ रुपये असला तरी आमच्या हातात आलेल्या स्वच्छ ज्वारीचा भाव १९,८८५ भागिले ४८५, म्हणजे ४१ रुपये पडला. पुढचा सगळा हिशोब ४१ रुपयांवर करायचा, ३८ वर नव्हे. किराणा दुकानात आम्ही सुटी ज्वारी ४८ रुपयांनी घेत होतो आणि तीही घरी निवडावी लागायचीच, म्हणजे एकत्र खरेदीतून किलोमागे सात रुपयांहून थोडे जास्तच वाचले.

पावतीबद्दल एवढेच सांगते की, ती गटाच्या नावाने मागून घ्यावी आणि हमाली-टेम्पोची पावती मिळत नसेल तर वहीतच खर्चाचे चिटोरे चिकटवून त्यावर दोघींच्या सह्या घ्याव्यात.

वर्षभराची ज्वारी एकदम घ्यावी असा आग्रह काही जणींनी धरला होता, कारण सुगीनंतर भाव चढतात. आम्ही तसे केले नाही. दहा कट्टे म्हणजे आमचा साधारण अडीच महिन्यांचा माल होता. त्याहून जास्त घेतला असता, तर कर्ज जास्त महिने अंगावर राहिले असते आणि उन्हाळा उलटल्यावर दमट हवेत सोंड्यांचा धोका वाढला असता. घेतलेली ज्वारीही दोन कडक उन्हे देऊन, पूर्ण गार करून मगच पत्र्याच्या कोठीत भरली आणि थराथरात वाळवलेला कडुलिंबाचा पाला घातला. गरम दाणे कोठीत भरले, तर आत पाणी सुटते आणि बुरशी धरते. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की कडवट होते, म्हणून दळण पंधरवड्यापुरतेच करतो. दळणाचे किलोला ५ रुपये आणि चक्कीत शंभर किलोमागे सुमारे एक किलोची घट धरली की पिठाचा भाव साडेशेहेचाळीस रुपये किलो पडतो.

आता खरा अवघड भाग, म्हणजे हे पीठ प्रत्येकीला देणे आणि तिच्याकडून भाकरी परत घेणे. एक किलो पिठाच्या किती भाकऱ्या व्हाव्यात, यावर आधी एकमत नव्हते. कोणी २० म्हणायची, कोणी १५. म्हणून आम्ही एका दुपारी सगळ्या एकत्र बसलो. प्रत्येकीला त्याच पोत्यातले एक किलो पीठ मोजून दिले आणि विकण्याजोगी भाकरी करायला सांगितली. त्यात १६ ते १९ असे आकडे आले. शांताक्कांच्या १९ झाल्या. पण त्यांच्याइतकी पातळ भाकरी सगळ्यांना जमणार नव्हती आणि फार पातळ भाकरी पाकिटात तुटतेही. शेवटी किलोला १८ हे प्रमाण ठरवले. त्यातच एखादी तुटणार हे धरले आणि किलोला १७ पूर्ण भाकऱ्या आल्या तर कोणाला विचारायचे नाही असे ठरले. १६च्या खाली आल्या, तर मात्र कारण पाहायचे.

कारण पाहण्याची एक साधी युक्ती आम्हाला सापडली, ती म्हणजे वजन. भाकरी पूर्ण कडक झाली की पिठात घातलेले पाणी जवळजवळ सगळे उडून जाते. त्यामुळे ठरलेल्या मापाच्या दहा भाकऱ्यांचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. एका सदस्येच्या भाकऱ्या किलोला १५च येत होत्या. तिच्याबद्दल मागे बोलणे सुरू झाले की ती पीठ घरात वापरते. आम्ही तिच्या दहा भाकऱ्या काट्यावर ठेवल्या, तर ६०० ग्रॅमहून जास्त भरल्या. तिची भाकरी जाड होत होती, एवढाच विषय होता. सुवर्णाताईंनी तिच्याजवळ बसून उंड्याचे वजन तराजूवर मोजून दाखवले आणि आठवड्याभरात तिचा आकडा १७वर आला. उलट भाकऱ्या कमी असून वजन बरोबर असेल, तर तूट तव्यावर, वाळवताना किंवा आणताना झाली आहे असे समजावे आणि तुकडे मागावेत. ना भाकऱ्या, ना तुकडे, असे असेल तरच पिठाचा प्रश्न उरतो. काटा मध्ये ठेवला की बोलणे कमी होते आणि कोणावर विनाकारण संशय जात नाही, असे माझे ठाम मत आहे.

तुकड्यांवरूनही वाद झाले, म्हणून त्यासाठी नियम केला. भाकरी ताब्यात देण्याआधी तुटली, तर तिची मजुरी नाही. पण तुकडे वजन करून घ्यायचे आणि ते कुस्करण्यासाठीचा चुरा म्हणून किलोवर विकायचे. ताब्यात घेतल्यानंतर तुटली, तर ते नुकसान सगळ्या गटाचे, थापणारीच्या मजुरीला हात लावायचा नाही. यामुळे ताब्यात घेण्याची वेळ महत्त्वाची ठरते. आदल्या दिवशीची भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची, गरम किंवा कोमट कधीच घ्यायची नाही, कारण कोमट भाकरी पाकिटात वाफ धरते आणि आठवड्यात तिला बुरशी येते. घेताना प्रत्येक ढिगातली एक भाकरी मोडून पाहायची. ती कटकन मोडली तर बरोबर, वाकून मग तुटली तर ती सादळलेली आहे. सादळलेली भाकरी परत द्यायची, पण टाकायची नाही. मंद आचेवर पुन्हा शेकली की ती कडक होते. पावसाळ्यात हे रोज पाहावे लागते.

या देण्याघेण्यासाठी साठा वही आहे. तिच्यात प्रत्येक सदस्येचे एक पान आहे आणि पानावर तारीख, दिलेले पीठ, आलेल्या पूर्ण भाकऱ्या, चुऱ्याचे वजन, शिल्लक पीठ आणि सही एवढेच रकाने आहेत. रकाने वाढवले की लिहिणे थांबते, हे मी पाहिले आहे. वही माझ्याकडे, कोठीची किल्ली सुवर्णाताईंकडे आणि रोकड तिसरीकडे, अशी विभागणी आहे. ज्या दोघींना सही करता येत नाही त्यांचा अंगठा घेतो आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवतो. प्रत्येकीकडे एक छोटी वहीही असते आणि तोच आकडा तिच्यात त्याच वेळी लिहिला जातो. महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या जुळल्या नाहीत तर छोट्या वहीचा आकडा आधी तपासायचा, कारण तो तिच्या समोर, भाकरी मोजताना लिहिलेला असतो.

मजुरीचा दर पूर्ण भाकरीमागे ३ रुपये ठरला. यात गॅस किंवा सरपण तिचेच आहे. साधारण पाऊण रुपया इंधनाला जातो आणि सव्वादोन रुपये तिच्या हाती राहतात. गटातल्या दोघींना गुडघेदुखीमुळे आणि वयामुळे तव्यापाशी बसणे जमत नाही. त्या पाकिटे भरतात, लेबल लावतात. त्यांना पाकिटामागे २ रुपये. त्यांचे काम मजुरी म्हणून लिहायचे की मदत म्हणून, यावर बराच वेळ चर्चा झाली. मदत म्हटले की तिचा हिशोब राहत नाही आणि हिशोब राहिला नाही की वाट्याच्या वेळी ती बाई गप्प बसते. म्हणून ती मजुरीच.

आता एका महिन्याचा हिशोब सांगते. त्या महिन्यात २०० किलो पीठ वाटले आणि ३,५०० पूर्ण भाकऱ्या आल्या, म्हणजे किलोला साडेसतरा. त्यांची ३५० पाकिटे झाली. ३०० पाकिटे दुकानांना ८० रुपयांनी गेली, त्याचे २४,००० रुपये आले. ५० पाकिटे आम्ही थेट गिऱ्हाइकांना १०० रुपयांनी विकली, त्याचे ५,००० रुपये आले. एकूण २९,००० रुपये जमा. खर्चात पिठाचे ९,३०० रुपये, तीळ-मिठाचे २५०, पिशव्या आणि लेबलांचे ७००, पोहोचवण्याचे २५० आणि ३०,००० रुपयांवरचे एका महिन्याचे व्याज ३००, असे १०,८०० रुपये झाले. उरले १८,२००. त्यातून थापण्याची मजुरी १०,५०० आणि पाकिटे भरण्याची ७००, मिळून ११,२०० रुपये गेले. मागे ७,००० रुपये उरले. चुरा त्या महिन्यात विकला गेला नव्हता, म्हणून त्याचे पैसे यात धरलेले नाहीत. तो विकला जाईल त्या महिन्यात जमा होईल.

या ठिकाणी बऱ्याच जणी गोंधळल्या. रोकड वही पाहिली तर ज्वारीचे पूर्ण १९,८८५ रुपये त्याच महिन्यात गेलेले दिसत होते, मग पिठाचा खर्च ९,३००च कसा, आणि नफा कसा म्हणता, असे विचारले गेले. प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर कोठीत होते. २०० किलो पिठासाठी २०२ किलो ज्वारी दळली गेली आणि २८३ किलो कोठीत तशीच होती. ४१ रुपयांच्या भावाने ती साडेअकरा हजारांहून जास्त किमतीची. ती पुढच्या महिन्यांची आहे, तिचा खर्च या महिन्यावर टाकायचा नाही. म्हणून महिनाअखेरीला आम्ही कोठीतली ज्वारी, उरलेले पीठ आणि न विकलेली पाकिटे प्रत्यक्ष मोजतो, वहीतल्या शिल्लकेशी ताडून पाहतो आणि मगच नफा काढतो. न विकलेली पाकिटे मात्र विक्रीच्या भावाने धरायची नाहीत. ती लागलेल्या खर्चानेच धरायची, कारण ती विकली जातीलच असे नाही.

नवी ज्वारी वेगळ्या भावाने आली, तर जुन्या शिल्लकेत तिची किंमत मिळवून एकूण किलोंनी भागतो आणि तो नवा सरासरी भाव पुढे लावतो. समजा १०० किलो जुनी ४१ रुपयांची आहे आणि ३०० किलो नवी ४५ रुपयांची आली, तर ४,१०० अधिक १३,५०० म्हणजे १७,६०० भागिले ४००, म्हणजे ४४ रुपये. कोणाला जुन्या भावाचे पीठ मिळाले आणि कोणाला नव्या, हा वाद त्यामुळे उठतच नाही.

७,००० रुपयांचे काय करायचे, हे महिना सुरू होण्यापूर्वीच ठरले होते आणि ते तसे आधी ठरलेले असणे फार गरजेचे आहे. पैसे समोर असताना नियम ठरवायला बसले की प्रत्येकीला आपल्या सोयीचा नियम सुचतो. निम्मी रक्कम, म्हणजे ३,५०० रुपये, पुढच्या ज्वारीसाठी खेळते भांडवल म्हणून ठेवायची आणि निम्मी वाटायची. वाटायची ती मजुरीच्या प्रमाणात. ३,५०० भागिले ११,२०० केले की मजुरीच्या दर रुपयामागे सव्वाएकतीस पैसे येतात. ज्या सदस्येने त्या महिन्यात ६०० भाकऱ्या दिल्या तिची मजुरी १,८०० रुपये आणि वाटा ५६२ रुपये ५० पैसे, मिळून २,३६२ रुपये ५० पैसे. जिने २०० पाकिटे भरली तिची मजुरी ४०० आणि वाटा १२५, मिळून ५२५ रुपये. भाकरीच्या संख्येवर वाटा काढला असता, तर पाकिटे भरणाऱ्या दोघींना काहीच मिळाले नसते. मजुरीच्या रुपयावर काढला, म्हणून थापणारी आणि भरणारी एकाच मापात आल्या.

मजुरी आम्ही दर पंधरवड्याला देतो, दुकानदाराचे पैसे आले असोत वा नसोत, कारण घरात तेल-मीठ आणायचे थांबत नाही. वाटा मात्र वसुली झाल्यावरच, पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या बैठकीत. दुकानांची उधारी पंधरा दिवसांची धरलेली असली, तरी काही ठिकाणी ती महिन्यावर जाते. उधारीचा आकडा नफा म्हणून वाटून टाकला आणि ते पैसे बुडाले, तर वाटलेले परत मागता येत नाहीत. एका दुकानाची उधारी दोन महिन्यांची झाली, तेव्हा बैठकीत ठरवून त्याला नवा माल बंद केला. ते दुकान मोठे होते आणि काही जणींना हे पटले नाही. पण तिथे अडकलेली रक्कम म्हणजे आमची पंधरा दिवसांची मजुरी होती. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याच्या दिवसांत थेट विक्री वाढते आणि रोख हाती येते, म्हणून त्या दिवसांसाठी पाकिटे राखून ठेवण्यावर आम्ही आता अधिक भर देतो.

खेळत्या भांडवलासाठी ठेवलेले ३,५०० रुपये कोणाचे, हा प्रश्न शेवटी आला. खरे तर तो पहिल्याच दिवशी यायला हवा होता. ते गटाचे आहेत असे म्हणून सोडून दिले असते, तर गट सोडून जाणारीच्या हाती काहीच लागले नसते. म्हणून ती रक्कमही त्याच सव्वाएकतीस पैशांच्या प्रमाणात प्रत्येकीच्या पानावर तिच्या नावाने लिहिली जाते. ६०० भाकऱ्या करणारीच्या पानावर ५६२ रुपये ५० पैसे हातात दिले म्हणून आणि तेवढेच भांडवलात ठेवले म्हणून, अशा दोन वेगळ्या ओळी असतात. जशी ही रक्कम वाढते तसे आधी बाहेरचे, म्हणजे सदस्यांनी घरून आणलेले पैसे परत करायचे आणि मग बचतीतले कर्ज फेडायचे, असा क्रम ठरला आहे. त्यामुळे दर महिन्याचे व्याज कमी होत जाते.

वर्षाच्या आतच आमच्यातल्या एकीला नवऱ्याच्या कामामुळे पुण्याला जावे लागले. तिने आदल्या बैठकीत कळवले, तेव्हा तिच्या पानावरून हिशोब काढायला अर्धा तासही लागला नाही. तिच्याकडे शिल्लक असलेले चार किलो पीठ परत घेतले, तिने घरून दिलेले १,००० रुपये व्याजासह दिले आणि पंधरवड्याची मजुरीही दिली. तिच्या नावाने साठलेले भांडवल मात्र ज्वारीत गुंतलेले होते, म्हणून ठरावाप्रमाणे दोन महिन्यांनी, तो साठा विकला गेल्यावर, ते तिच्या बँक खात्यावर पाठवले. तिची जागा घ्यायला रेखा वहिनी आल्या. त्यांच्या नावाने नवे पान उघडले आणि पहिल्या दिवशी त्यांना इतरांप्रमाणेच एक किलो पीठ मोजून दिले.